चार्जरचा पत्ता गाडीला आधी सांगा

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला थंड देशातला पहिला हिवाळा कोड्यात टाकतो. ह्युंदाईची आयोनिक ५ घ्या. जोरदार फास्ट चार्जरवर १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत ती १८ मिनिटांत भरते, असे कंपनी सांगते, आणि उन्हाळ्यात ती खरोखर जवळपास तेवढ्याच वेळात भरते. तीच गाडी, तोच चार्जर, तीच गन. पण जानेवारीत बर्फ पडत असताना गन लावली की स्क्रीनवरचा आकडा २२० किलोवॅटऐवजी साठ-सत्तर किलोवॅटवरच अडून बसतो. चार्जर बिघडला म्हणून माणूस गाडी शेजारच्या गनला लावतो, तिथेही तेच. बिघडलेले काहीच नसते. बॅटरी गारठलेली असते आणि एवढी वीज घ्यायला ती तयार नसते.

यावर गाड्यांमध्ये एक इलाज आहे. त्याला बॅटरी प्रीकंडिशनिंग म्हणतात. चार्जरवर पोचण्याआधी, गाडी रस्त्यावर धावत असतानाच, बॅटरी योग्य तापमानाला आणून ठेवायची. गंमत अशी की हा इलाज बहुतेक गाड्यांत एखादे बटण दाबून सुरू होत नाही, नेव्हिगेशनमधून सुरू होतो. गाडीच्या नकाशात तुम्ही फास्ट चार्जर हे ठिकाण म्हणून निवडले, तरच तिला कळते की बॅटरी तापवायची आहे. ज्यांना हे माहीत नाही ते वर्षानुवर्षे थंड बॅटरीने चार्जरवर जातात आणि दर वेळी वीस-पंचवीस मिनिटे जास्त बसून राहतात.

आधी बॅटरीच्या पोटात काय होते ते पाहू, कारण ते कळले की पुढची सगळी पथ्ये आपोआप कळतात.

लिथियम-आयन बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू असतात आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव. चार्जिंग करताना लिथियमचे आयन एका बाजूने निघतात, द्रवातून पलीकडे जातात आणि तिथल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. ग्राफाइटच्या दोन थरांमधल्या सांदीत आयनाला जागा मिळाली की तेवढी ऊर्जा साठली. थंडीत या प्रवासाचा प्रत्येक टप्पा मंदावतो. इलेक्ट्रोलाइट पौष महिन्यातल्या खोबरेल तेलासारखे दाट होते, त्यातून आयन सावकाश सरकतात. आणि ग्राफाइटच्या तोंडाशी पोचल्यावर आत शिरायलाही त्यांना जास्त वेळ लागतो. शेवटची ही अडचण सगळ्यांत मोठी आहे. आयन ज्या वेगाने येत आहेत त्या वेगाने ते थरांमध्ये शिरू शकले नाहीत, तर ते ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. चकचकीत लिथियम धातूचा हा मुलामा बॅटरीसाठी अतिशय वाईट. त्यातले काही लिथियम पुन्हा कधीच कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची घटते. साचलेल्या धातूचे सुईसारखे काटे वाढले तर सेल आतून शॉर्ट होण्याचाही धोका असतो.

हे होऊ नये म्हणून गाडीत एक पहारेकरी बसवलेला असतो. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात बीएमएस. फास्ट चार्जिंगमध्ये किती वीज घ्यायची ते चार्जर ठरवत नाही, गाडी ठरवते. गन लावली की गाडी आणि चार्जर केबलमधून एकमेकांशी बोलतात. चार्जर सांगतो, माझ्याकडे जास्तीत जास्त इतके आहे. गाडी सांगते, मला आत्ता इतके दे. सेलचे तापमान शून्याच्या आसपास असेल तर बीएमएस मागणीच कमी करते. चार्जरवर ३५० किलोवॅट लिहिलेले असो की ५००, गाडीने सत्तर मागितले तर सत्तरच मिळणार. बीएमएसचा हा हात आखडता असतो म्हणूनच बॅटरी पुढे अनेक वर्षे टिकते, त्याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही.

आता एक प्रवास हिशेबासकट पाहू. नॉर्वे त्यासाठी योग्य देश आहे. तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्या होत्या, त्यामुळे हिवाळ्यातले फास्ट चार्जिंग ही तिथल्या साध्या कुटुंबांची रोजची बाब आहे. ओस्लोहून ई-६ महामार्गाने उत्तरेला निघाले की म्योसा सरोवराच्या काठाने सव्वाशे किलोमीटरवर हामार लागते आणि आणखी साठेक किलोमीटरवर लिलेहामर, जिथे १९९४ साली हिवाळी ऑलिंपिक झाले होते. पुढे डोंगराळ भागात जायचे असेल तर लिलेहामरला चार्जिंग करून घेणे सोयीचे.

समजा ७७.४ युनिटची बॅटरी असलेली आयोनिक ५ रात्रभर ओस्लोत उघड्यावर उभी होती. बाहेर उणे १० अंश. बॅटरी जड असते, सुमारे साडेचारशे किलो, म्हणून ती हवेइतकी लवकर थंड होत नाही. सकाळी तिचे तापमान उणे तीन-चार असेल असे धरू. गाडी ९० टक्के भरलेली आहे. सकाळी निघालात. अशा थंडीत महामार्गावर शंभर किलोमीटरला साधारण २४ युनिट खर्च होतात. गाडी चालवल्याने बॅटरी थोडी तापते, पण फारच थोडी. महामार्गावर गाडी बॅटरीतून सरासरी वीस-बावीस किलोवॅट घेते, जी तिच्या ताकदीच्या मानाने किरकोळ आहे. दीड तास चालवूनही बॅटरी तीन-चार अंशांनीच चढेल आणि शून्यावर येईल. अनेकांची समजूत असते की दोन तास गाडी पळवली म्हणजे बॅटरी गरम झालीच असणार. इंजिनाच्या गाडीची ही सवय इथे लागू पडत नाही. इंजिन इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेत घालवते. बॅटरी आणि मोटर फार थोडी घालवतात.

मग बॅटरी शून्यावरून २० अंशांवर न्यायला किती वीज लागेल? साडेचारशे किलो वजन, आणि सेल, ॲल्युमिनियम, तांबे सगळे मिळून एका किलोला एका अंशासाठी साधारण एक किलोज्यूल. वीस अंशांसाठी नऊ हजार किलोज्यूल, म्हणजेच अडीच युनिट. थोडी उष्णता बाहेरच्या गारठ्यात निसटणार, म्हणून तीन युनिट धरा. आता वेळ पाहा. बॅटरी तापवणारा हीटर साधारण पाच किलोवॅटचा असतो. पाच किलोवॅटने तीन युनिट द्यायला ३५ ते ४० मिनिटे लागतात. या प्रवासात याचा अर्थ असा की हामारच्या आसपास हीटर सुरू झाला, तर लिलेहामरला पोचेपर्यंत बॅटरी जेमतेम तयार होते. चार्जर दहा मिनिटांवर असताना गाडीला आठवण करून दिली, तर बॅटरी चार-पाच अंशच वर येईल आणि काम अर्धवट राहील.

तीन युनिटचा हा खर्च म्हणजे बारा-तेरा किलोमीटरचा पल्ला. त्याच्या बदल्यात काय मिळते? गाडी लिलेहामरला सुमारे ३० टक्क्यांवर पोचते. तिला ८० टक्क्यांपर्यंत न्यायला ३९ युनिट हवेत. बॅटरी तयार असेल तर सरासरी १८० किलोवॅटने तेरा मिनिटांत काम होते. बॅटरी थंड असेल आणि सरासरी सत्तरच मिळाले, तर तेहतीस मिनिटे लागतात. तापवायला खर्च झालेले तीन युनिट परत भरायला गरम बॅटरीला एकच मिनिट पुरते. वीस मिनिटे वाचतात, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या गाडीचीही तेवढीच वाचतात. माझ्या मते हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा आहे. थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी चार्जिंग स्टेशनवर ज्या रांगा लागतात, त्यांतला बराच वेळ गारठलेल्या बॅटऱ्यांनी अडवलेला असतो.

इथे एक शंका येईल. २० अंशच का? चाळीसवर का नेत नाहीत? कारण चार्जिंग स्वतःच बॅटरीला तापवते. दोनशे किलोवॅटने वीज आत जाते तेव्हा शंभरातले चार-पाच भाग सेलच्या आतल्या रोधामुळे उष्णता होतात. ३९ युनिटांपैकी दोनेक युनिट उष्णता झाली, तर वरच्याच हिशेबाने बॅटरी पंधरा-सोळा अंशांनी चढते. वीसवर सुरू झालेली बॅटरी गन काढताना पस्तीसच्या पुढे असते. म्हणजे हीटरने फक्त सुरुवात करून द्यायची, पुढची उष्णता चार्जिंगच पुरवते. प्रत्येक कंपनीचे लक्ष्य मात्र सारखे नसते. टेस्ला आपल्या बॅटऱ्या चार्जिंगपूर्वी याहून बऱ्याच जास्त तापवते, कारण तिच्या सेलची आणि थंड करण्याच्या व्यवस्थेची आखणी वेगळी आहे. काही गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. ती उन्हात सोशिक, पण थंडीला इतरांपेक्षा जास्त हळवी. तिला तापवण्याची गरज आणखी जास्त.

उष्णता येते कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. सेलच्या खाली थंड-गरम पाण्याच्या चपट्या वाहिन्या असतात. त्यातून ग्लायकॉल मिसळलेले पाणी पंपाने फिरते, तेच जे रेडिएटरमध्ये घालतात. आयोनिक ५ मध्ये या पाण्याच्या वाटेवर एक विजेचा हीटर बसवलेला असतो. बाहेरून आत पाणी येते, हीटरमधून कोमट होऊन बॅटरीखाली जाते, उष्णता देते आणि परत येते. टेस्लाने मॉडेल ३ मध्ये बॅटरीसाठी वेगळा हीटर बसवलाच नाही. तिथे मोटरलाच हीटर केले. सॉफ्टवेअर मोटरमधला प्रवाह मुद्दाम अशा पद्धतीने देते की चाकाला लागणारा जोर तेवढाच राहतो, पण तांब्याच्या वेटोळ्यांत जास्तीची वीज उष्णता होऊन जाते. ती उष्णता मोटरच्या तेलातून पाण्यात आणि पाण्यातून बॅटरीत नेतात. गाडी उभी असली तरी मोटर फिरू न देता हे करता येते. वेगळा हीटर, त्याची तार, त्याची जागा, सगळेच वाचते. या विषयातली मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच.

टेस्लाने ही सोय मार्च २०१९ मध्ये २५० किलोवॅटच्या नव्या सुपरचार्जरबरोबर जाहीर केली. सुपरचार्जरकडे नेव्हिगेट केले की बॅटरी वाटेतच तापू लागेल आणि चार्जिंगचा सरासरी वेळ २५ टक्क्यांनी घटेल, असा तिचा दावा होता. ह्युंदाईला थोडा उशीर झाला. युरोपात २०२१ साली विकल्या गेलेल्या पहिल्या आयोनिक ५ गाड्यांना नेव्हिगेशनवरून बॅटरी तापवता येत नव्हती. ती सोय नंतरच्या गाड्यांत आली. म्हणून जुनी गाडी विकत घेताना किंवा भाड्याने घेताना आधी ही सोय तिच्यात आहे का हे पाहावे लागते.

आता प्रत्यक्ष ती सुरू कशी करायची. आयोनिक ५ मध्ये पहिले काम सेटिंगमध्ये. इव्हीच्या विभागात Battery conditioning नावाचा पर्याय आहे, तो चालू ठेवावा लागतो. तो बंद असेल तर पुढचे काहीच होत नाही, आणि गाडी तशी तक्रारही करत नाही. दुसरे काम नकाशात. गाडीच्या स्वतःच्या नेव्हिगेशनमध्ये चार्जिंग स्टेशनांचा शोध उघडायचा, त्यातून फास्ट चार्जर निवडायचा आणि तो मुक्कामाचे ठिकाण किंवा वाटेतला थांबा म्हणून ठेवायचा. इतकेच. मग गाडी हिशेब करते. बॅटरीचे आत्ताचे तापमान किती, बाहेर किती गारठा, चार्जर किती मिनिटांवर. त्यावरून ती हीटर कधी सुरू करायचा ते ठरवते. फार लवकर सुरू केला तर तापवलेली बॅटरी पुन्हा थंड होईल आणि वीज वाया जाईल. उशीर केला तर तयारी अपुरी राहील. हीटर सुरू झाला की बॅटरीच्या चित्रावर लाल वळणांची छोटी खूण दिसते. ती दिसली म्हणजे काम सुरू झाले.

टेस्लात यासाठी सेटिंगचीही गरज नाही. नकाशात विजेच्या खुणेवर बोट ठेवून सुपरचार्जर निवडला की पुरे. बॅटरी तापू लागली की स्क्रीन तसे सांगते. टेस्लाच्याच पुस्तिकेत सल्ला आहे की चार्जरवर पोचण्याआधी किमान ३० ते ४५ मिनिटे नेव्हिगेशन चालू असावे. वर आपण केलेल्या हिशेबाशी हा सल्ला किती जुळतो पाहा.

एवढे सोपे असूनही लोक फसतात, आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: फोनवर. सवयीने माणूस फोन गाडीला जोडतो आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवर फोनमधला नकाशा लावतो. स्क्रीन गाडीचीच असते, नकाशाही तिथेच दिसतो, पण बहुतेक गाड्यांत तो रस्ता गाडीच्या मेंदूपर्यंत पोचत नाही. फोन फक्त चित्र दाखवतो. आपण चार्जरकडे निघालो आहोत हे गाडीला ठाऊकच नसते. पोलस्टार किंवा व्होल्वोच्या ज्या गाड्यांत गूगलचा नकाशा गाडीतच बसवलेला आहे, तिथे हा प्रश्न नाही, कारण तो नकाशा बॅटरीशी बोलतो. बाकीच्यांसाठी उपाय एकच. फोनचा नकाशा आवडत असेल तर तोही लावा, पण गाडीच्या नकाशातही तोच चार्जर घाला.

दुसरी चूक अशी की लोक चार्जरऐवजी त्या जागेचे नाव घालतात. पेट्रोल पंप, हॉटेल, मॉल. चार्जर त्या आवारातच असतो, पण गाडीला हॉटेल कळते, चार्जर कळत नाही. चार्जरची नोंद म्हणूनच ठिकाण निवडले पाहिजे, आणि तीही डीसी फास्ट चार्जरची. हॉटेलच्या भिंतीवरच्या सावकाश एसी चार्जरसाठी गाडी बॅटरी तापवत नाही, आणि तापवायची गरजही नसते. एखादा नवा चार्जर गाडीच्या जुन्या नकाशात नसेल, तर त्याच्या जवळचा, नकाशात असलेला दुसरा फास्ट चार्जर निवडावा, आणि शेवटच्या वळणावर आपल्याला हव्या त्या चार्जरकडे जावे. ही युक्ती नॉर्वे-जर्मनीतले जुने मालक सर्रास वापरतात आणि ती अगदी बिनधोक आहे.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, मर्यादा आहे. बॅटरी फारच रिकामी असेल, वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली, तर आयोनिक ५ तापवायचे थांबवते. तीन युनिट तापवण्यात घालून माणूस रस्त्यात अडकू नये, हे तिचे धोरण. पण फास्ट चार्जिंग सर्वांत वेगवान होते ते बॅटरी रिकामी असतानाच, म्हणून ही मर्यादा नेमकी नडते. थंडीत लांब जाताना चार्जर थोडा आधीचा निवडावा, म्हणजे शेवटच्या पाऊण तासात गाडीकडे तापवण्याइतका चार्ज उरतो. उलट टोकालाही तापवण्याचा फायदा नाही. ऐंशी टक्क्यांहून जास्त भरलेली बॅटरी घेऊन चार्जरवर गेलात तर ती गरम असो की थंड, वेग मंदच राहणार, कारण भरत आलेल्या सेलमध्ये जागा शोधायला आयनांना तसाही वेळ लागतो.

काही कंपन्यांनी आता हाताने सुरू करायचे बटणही दिले आहे. फोक्सवॅगनच्या आयडी गाड्यांत नव्या सॉफ्टवेअरनंतर आणि २०२४च्या सुधारित आयोनिक ५ मध्ये ते मिळते. नकाशात नसलेल्या चार्जरसाठी ते उत्तम. पण बटणाचा तोटा असा की हिशेब मग माणसाने करायचा. अर्ध्या तासाआधी दाबायचे लक्षात राहिले तर ठीक. नाहीतर नकाशाच बरा.

काम झाले की नाही हे गन लावल्यावर ओळखायची एक खात्रीची खूण आहे. स्क्रीनवर किलोवॅटचा आकडा असतो, तो पहिली पाच-सात मिनिटे पाहत राहा. बॅटरी तयार असेल तर आकडा अर्ध्या-एका मिनिटात उंच चढतो, काही वेळ तिथे राहतो आणि बॅटरी भरत जाईल तसा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. बॅटरी थंड असेल तर चित्र उलटे. आकडा खाली सुरू होतो आणि बॅटरी भरत असूनही हळूहळू वर जातो. साठ, पासष्ट, बहात्तर, ऐंशी. चार्जिंगच्या उष्णतेने सेल तापत आहेत आणि बीएमएस हात सैल करत आहे, याचा तो पुरावा. आणि आकडा चढत नाही, उतरतही नाही, एकाच जागी सपाट राहिला, तर दोष बॅटरीचा नाही. चार्जरच तेवढ्या ताकदीचा आहे, किंवा शेजारच्या गाडीबरोबर वीज वाटली जात आहे, किंवा आयोनिकसारखी ८०० व्होल्टची गाडी ४०० व्होल्टच्या चार्जरला लागली आहे. अशा वेळी बॅटरी कितीही तापवली तरी फरक पडणार नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याचे काय? इथे बॅटरी तापवायची वेळ क्वचितच येते. पुण्या-नागपुरात उभ्या गाडीची बॅटरी वर्षातले बहुतेक दिवस २५ अंशांच्या वर असते, म्हणजे ती तयारच असते. डिसेंबरात महाबळेश्वरला रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी पहाटे थोडी मंद भरेल, पण तो फरक काही मिनिटांचा. आपला प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात महामार्गावरून आलेली बॅटरी चाळीस अंशांवर असेल, आणि जोरदार चार्जिंगने ती आणखी पंधरा-सोळा अंश चढणार असेल, तर बीएमएस पन्नासच्या वर गेलेल्या सेलला वाचवण्यासाठी वीज तोडू लागते. तेच पाणी, त्याच वाहिन्या, पण आता ते एसीच्या कॉम्प्रेसरने गार करून फिरवावे लागते. ज्या गाड्यांत नेव्हिगेशनवरून बॅटरी आधीच थंड करण्याची सोय आहे, तिथे उन्हाळ्यातही चार्जर नकाशात घालण्याचा फायदा मिळतो.

मात्र चार्जरची ताकद आधी पाहा. आपल्या महामार्गांवरचे कित्येक चार्जर ३० किंवा ६० किलोवॅटचे आहेत. पन्नास-साठ किलोवॅटचा वेग मोठ्या बॅटरीला जड जातच नाही. सेल थोडे थंड किंवा थोडे गरम असले तरी ती तेवढे घेते. तिथे तापवण्या-थंड करण्यात घातलेली वीज फुकट जाते. १२० किलोवॅटच्या पुढे हा विषय सुरू होतो, आणि १८०-२४० किलोवॅटचे चार्जर आता आपल्याकडेही दिसू लागले आहेत.

मुलाबाळांकडे म्हणून जानेवारीत टोरंटो, म्युनिक किंवा ओस्लोला जाणारी, तिथे इलेक्ट्रिक गाडी भाड्याने घेणारी मराठी कुटुंबे आता कमी नाहीत. किल्ली हातात आली की आधी इव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचा हा पर्याय चालू आहे का ते पाहा. मग फोन जोडण्यापूर्वी गाडीच्या नकाशात वाटेतला पहिला फास्ट चार्जर घाला, तो किमान पाऊण तास दूर आहे आणि तिथे पोचताना पंचवीस टक्क्यांहून थोडा जास्त चार्ज उरेल याची खात्री करा, आणि निघा.